आबांच्या पत्रांचे वारस

चि. सोनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली प्रत मी दोनदा वाचली. आबांची एकेचाळीस पत्रे आणि आजीची बावीस, एवढी सगळी तू नोकरी सांभाळून भिंग लावून उतरवून काढलीस. १९५८ साली आबा लालबागच्या गाळ्यात राहायला गेले तेव्हापासून १९८२ च्या संपात गावी परतेपर्यंतचा काळ त्यात आहे, आणि त्यातला बराचसा मलाही ठाऊक नव्हता. गणपतीपूर्वी ही पत्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करावी असे तू म्हणतेस. त्यास माझा विरोध नाही. पण परवानगी माझ्या एकट्याच्या हातात नाही, हे कारणांसह सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तलाठी म्हणून मी आयुष्यभर वारसनोंदी केल्या. जमिनीचे बरे असते, सातबारा काढला की कोणाकोणाचे नाव लागले आहे ते समोर दिसते. पत्रांना सातबारा नसतो, पण वारस असतात, आणि तेही दोन वेगवेगळ्या गोष्टींचे. पत्राचा कागद ज्याला पत्र पाठवले त्याचा होतो. पत्रातल्या मजकुराचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, लिहिणाऱ्याकडेच राहतो. आबांची पत्रे आजीच्या ट्रंकेत होती आणि ट्रंक आपल्या माळ्यावर आहे, यावरून ती छापण्याचा अधिकार आपला ठरत नाही.

मजकुराचा हक्क कोणाकोणाकडे आला ते मी फेरफार लिहावा तसे कागदावर मांडून पाहिले. आबा १९८४ साली मृत्युपत्र न करता गेले. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांचे पाच वारस झाले: आजी आणि आम्ही चार भावंडे, प्रत्येकी एक पंचमांश. आजी १९९७ साली गेली, तिचा हिस्सा आम्हा चौघांत वाटला जाऊन प्रत्येकाचा पाव झाला. थोरले काका २०११ साली गेल्यावर त्यांचा पाव हिस्सा काकू, दादा आणि ताई यांच्याकडे प्रत्येकी एक बारांश असा गेला. म्हणजे आज मी, धाकटे काका, आत्या, काकू, मेलबर्नला असलेला दादा आणि ताई असे सहा जण एकत्र मालक आहेत. एका बारांशाच्या मालकाचीही संमती लागते. बाकी पाचांनी बहुमताने ठरवून भागत नाही. आजीच्या पत्रांचा हिशेबही फिरून याच सहा नावांवर येतो.

साठ वर्षे झाली की हक्क संपतो असे तू लिहिले आहेस. माझीही तीच समजूत होती आणि १९८४ मध्ये साठ मिळवून मी २०४४ काढून ठेवले होते. ते चुकीचे निघाले. लेखकाच्या मृत्यूपासून साठ वर्षांची मोजणी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला लागते. जे लेखन तोवर अप्रकाशित राहिले, त्याची साठ वर्षे ते पहिल्यांदा प्रसिद्ध होईल त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून धरतात. तू २०२६ साली ही पत्रे रीतसर प्रसिद्ध केलीस, तर १९६१ सालच्या पोस्टकार्डावरचा हक्क २०८६ च्या अखेरपर्यंत चालेल. तेव्हा तू आजी झालेली असशील आणि वारसांची यादी सहावरून कितीवर गेली असेल याचा हिशेब मी करत नाही. म्हणूनच, सहाच जण आहेत आणि सगळे बोलतात तोवर कागद करून घ्यावा.

कागद म्हणजे कागदच. कुटुंबाच्या ग्रुपवर धाकट्या काकांनी अंगठा दाखवला त्याला संमती समजू नकोस. परवाना लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. मेलबर्नच्या दादालाही ती पत्रे वाचता यावीत असे आपल्याला वाटते, तेव्हा 'इंटरनेटवर, जगभर, हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी, विनामोबदला' हे शब्द स्पष्ट लिहिलेले असावेत. कोणती पत्रे, हेही क्रमांकाने यावे. 'आबांची पत्रे' असे मोघम नको. आणि 'कोणीही वापरावे' अशा स्वरूपाचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना तूर्त लावू नकोस. तो एकदा दिला की ज्यांनी त्याखाली मजकूर घेतला त्यांच्याकडून परत घेता येत नाही, आणि सहा जणांनी मिळून न दिलेली गोष्ट तू सातवीने देऊ नयेस.

आजीच्या पत्रांत एक गुंता आहे, तो मात्र मला फार आवडला. आजीला लिहिता येत नव्हते. ती चुलीपाशी बसून सांगायची आणि शेजारचा शाळकरी मुलगा लिहून घ्यायचा. हस्ताक्षर त्याचे असले तरी सांगितलेल्या शब्दांची लेखिका आजीच. पण चार पत्रांच्या तळाशी 'ता. क.' करून त्याने स्वतःच्या ओळी घातल्या आहेत: गावात क्रिकेटचा सामना झाला, मुंबईहून येताना चेंडू आणावा, वगैरे. त्या ओळी त्याच्या. तो गृहस्थ आज ऐंशीच्या घरात असून खाडीपलीकडे राहतो. मी परवा त्याला भेटून आलो. तो खूप हसला, आणि छापा म्हणाला. लिहूनही दिले आहे. आबांच्या आजारपणात गाळ्यातल्या सोबत्याने स्वतः लिहिलेली दोन पत्रे मात्र त्या सोबत्याच्या वारसांची आहेत. त्यांचा ठावठिकाणा लागत नाही, ती दोन बाजूला काढ.

आता उतरवण्याविषयी. १९६८ च्या जून महिन्याच्या पत्रात तू 'थोरल्याने घरभाड्याचे पन्नास रुपये नेले' असे वाचले आहेस. मी मूळ पत्र उजेडात धरून पाहिले. घडीवर कागद विरला आहे आणि शेवटच्या शब्दाचे पहिले अक्षर शिल्लकच नाही; दिसते ते केवळ 'ले'. तू 'नेले' धरलेस, मी 'दिले' धरतो, कारण पुढच्या महिन्याच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर आबांनी 'थोरल्याचे वळते करून पाठवीत आहे' असे लिहिले आहे, आणि नेलेले पैसे कोणी वळते करत नाही. एका अक्षराने थोरले काका बापाला हात देणारे ठरतात की बापाचे पैसे उचलणारे, आणि काकू हे वाचणार आहे. जिथे अक्षर दिसत नाही तिथे चौकोनी कंसात टिंबे दे आणि आपला अंदाज तळटिपेत, कारणासह दे. तसेच आबांची बोली तू बऱ्याच ठिकाणी शुद्ध केली आहेस, ती पूर्ववत कर. लेखनाची मोडतोड होऊन लेखकाच्या लौकिकाला बाधा आली तर हरकत घेण्याचा हक्क त्याच्या मागे त्याच्या वारसांना असतो, हा कायद्याचा भाग झाला. पण 'इलंय' चे 'आलो आहे' केल्यावर ते आबा राहत नाहीत, हे माझे म्हणणे.

बांधाच्या भांडणाची तीन पत्रे आहेत. त्यांत आबांनी शेजाऱ्याने बांध कोरला असे नाव घेऊन लिहिले आहे. मोजणीचा कागद मी शोधला, मिळाला नाही. म्हणजे आपल्याकडे आबांच्या रागाखेरीज पुरावा नाही. तो शेजारी गेला, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे मृताची बदनामीही, त्याच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली असेल, तर बदनामी ठरू शकते. आपला तो हेतू नाही हे खरे. तरी त्याची नातवंडे आपल्या दाराशी आहेत आणि त्यांना उत्तर देण्याची सोय नाही. या तीन पत्रांतला तेवढा मजकूर गाळावा, आणि 'येथे पाच ओळी गाळल्या आहेत' असे तिथेच उघड लिहावे. न सांगता गाळलेले मला पसंत नाही. शिवाय नुसते नाव झाकून भागत नाही. आपल्या वाडीत 'खालच्या घरचा, ज्याची म्हैस विहिरीत पडली तो' एवढे म्हटले तरी लहान मूल बोट दाखवील. आणि उताऱ्यात गाळलेले पत्राच्या छायाचित्रात तसेच राहते, हे तुझ्या लक्षात राहिलेले दिसत नाही. तेविसाव्या पत्राच्या चित्रात सगळे नीट वाचता येते.

आत्याचा विषय शेवटी ठेवला, कारण तो लिहिणे जड जाते. १९७१ ते १९७३ या काळातली नऊ पत्रे तिच्या पहिल्या लग्नाविषयी आहेत: ती परत कशी आली, आबांनी सोडचिठ्ठीसाठी किती खेपा घातल्या. तिच्या मुलांना यातले काही माहीत नाही. पत्रे आबांची आहेत हे खरे, पण आयुष्य तिचे आहे. मृताचा खासगीपणाचा हक्क वारसांकडे येत नाही असे मद्रास आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी म्हटले आहे, त्यामुळे आबांच्या वतीने आपण ती ढाल धरू शकत नाही. आत्या मात्र हयात आहे. विवाह, कुटुंब, मातृत्व अशा बाबतीत माणसाच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल खटल्यात सांगितले आहे. त्यातला अपवाद सार्वजनिक दप्तरात आधीच आलेल्या गोष्टींचा, आणि ही सोडचिठ्ठी तर कोर्टातही गेली नव्हती, पंचांसमोर झाली. सहांपैकी एक वारस म्हणून ती सही करील, ती सही वेगळी. या नऊ पत्रांसाठी तिला वेगळे विचारले पाहिजे, आणि सही मागायला आलेल्या भाचीने नव्हे.

मी येत्या एकादशीनंतर तिच्याकडे जातो आहे. फोनवर हे बोलणार नाही, आणि तिची सून घरी नसेल अशी वेळ बघणार आहे. डोळ्यांमुळे तिला आता वाचता येत नाही, तेव्हा मीच वाचून दाखवीन, न गाळता. आबांनी आपल्यासाठी काय काय केले हे तिने स्वतःही कधी वाचलेले नाही. ती नको म्हणाली, तर त्या नऊ पत्रांचा उतारा आणि छायाचित्रे दोन्ही तू संकेतस्थळाच्या फोल्डरमधून काढून मला पेन ड्राइव्हवर पाठव, मी मूळ पत्रांसोबत लखोट्यात बंद करून ठेवीन. का गाळली हे मात्र कुठेही लिहू नकोस. क्रमांक पुन्हा ओळीने लाव, म्हणजे मध्ये नऊची खिंड दिसणार नाही. वर 'उघड लिहावे' म्हटले आणि इथे उलट सांगतो आहे, हे मला समजते. बांधाच्या ओळी गाळल्या हे कळल्याने कोणाचे काही उघडे पडत नाही, इथे नुसत्या वर्षांवरूनही नात्यातले कोणीतरी तर्क बांधील.

एकादशीपूर्वी ती नऊ पत्रे मोठ्या अक्षरांत छापून पोस्टाने पाठव. आबांचे हस्ताक्षर दिव्याखाली मलाही आता लागत नाही, आणि तिच्यापुढे वाचताना मी अडखळू नये.

तुझे
बाबा