शेळीचा ताप मोजण्याआधी श्वास मोज

प्रिय विठ्ठल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भर दुपारी शेळीला ताप १०४.२, श्वास मिनिटाला ७०, म्हणून तू घाबरलास. पण मला आधी हे सांग, ती उन्हात होती का, आणि धरायला तिच्यामागे किती पळालास? दोन्हींमुळे आकडे चढतात. निरोगी शेळीचं तापमान १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं. मेंढीचंही जवळपास तेवढंच, गायीचं थोडं कमी, १०१ ते १०२.५. सकाळी ते खाली असतं, संध्याकाळी वर जातं.

म्हणून क्रम पाळ. पहिल्यांदा श्वास, तोही हात न लावता. जनावर सावलीत शांत उभं असताना चार पावलं लांब राहून भकाळीकडे बघ. ती फुगून बसली की एक श्वास. पूर्ण मिनिट मोज. गायीचे १० ते ३०, शेळी-मेंढीचे १५ ते ३०. लोकर न कातरलेली मेंढी उन्हाळ्यात याच्या कितीतरी पुढे जाते, तिच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस.

मग नाडी. शेळीच्या मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात, दोन बोटं हलकेच टेकव. अंगठा नको, त्यात तुझीच नाडी लागते. तिथे ७० ते ९० ठोके मिळायला हवेत. गायीची नाडी शेपटीच्या खालच्या बाजूला, मुळापासून वीतभर खाली, मधोमध सापडते, ५० ते ८०. करडं, वासरं यांची नाडी मोठ्यांपेक्षा जलद असते.

थर्मामीटर सगळ्यात शेवटी. पाऱ्याचा असेल तर झटकून पारा खाली आण, टोकाला तेल लाव, मागे दोरा बांधून तो शेपटीच्या केसांना चिमट्याने अडकव, नाहीतर आत ओढला जातो किंवा खाली पडून फुटतो. बाजूला उभा राहून शेपटी उचल, गुदद्वारात हळू फिरवत घाल आणि थोडं तिरकं करून टोक आतड्याच्या भिंतीला टेकव. लेंड्यांत रुतलं तर आकडा कमी येतो. पाऱ्याचं दोन मिनिटं ठेव.

आता तुझी शेळी. तिला सावलीत बांध, पाणी ठेव आणि तासाभराने याच क्रमाने पुन्हा मोज. श्वास ३०-३५ वर आला आणि तापमान १०३ च्या आसपास उतरलं, तर ते ऊनच होतं. श्वास थोडा कमी होऊनही ताप १०४ च्या वर राहिला, रवंथ बंद असेल, तर तो आजाराचा ताप. डॉक्टरला बोलव आणि दोन्ही वेळचे आकडे वेळेसकट सांग. दुसऱ्या मोजणीआधी तापाचं औषध देऊ नकोस, नाहीतर खरा आकडा कळणारच नाही.

आणि उलटंही लक्षात ठेव. नुकती व्यालेली गाय, कान गार, तापमान १०० च्या खाली, आणि ती उठत नाही, तर तासभर थांबायचं नाही. तेव्हा डॉक्टर लगेच.

दुसऱ्या मोजणीचे आकडे कळव.

तुझा,
बाळू