८ जीबीचा प्लॅन घेऊनही सर्व्हर गोठतो : चुकीच्या जावा मांडणीबद्दल तक्रार

प्रति,
तांत्रिक सेवा प्रमुख,
गेम सर्व्हर होस्टिंग विभाग

विषय : माइनक्राफ्ट सर्व्हर ठरावीक अंतराने गोठणे, जावाची मांडणी दुरुस्त करणे आणि वाढीव प्लॅनच्या रकमेचा परतावा

महोदय,

आमचा माइनक्राफ्ट सर्व्हर तुमच्याकडे आहे. नाशिकची कॉलेजातली मुलं आणि काही नोकरदार मंडळी संध्याकाळी त्यावर जमतात. सध्या आम्ही रामकुंड आणि गोदाकाठचे घाट ब्लॉकमध्ये उभे करतोय. गर्दी झाली की दर काही मिनिटांनी सगळा खेळ जागच्या जागी थांबतो. फोडलेला ब्लॉक परत दिसायला लागतो, प्राणी पुतळ्यासारखे उभे राहतात, आणि मग राहिलेलं सगळं एकदम घडतं.

पहिल्या तिकिटाला तुमच्याकडून उत्तर आलं की खेळाडूंचं इंटरनेट तपासा. ते मला मान्य नाही. सिडको, नाशिक रोड आणि पुण्यात बसलेली मुलं वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट वापरतात, आणि तरी ती सगळी एकाच सेकंदाला थांबतात. लाइनचा दोष असता तर एखादाच अडकला असता, बाकीचे खेळत राहिले असते.

दुसरं उत्तर होतं की सर्व्हरच्या लॉगमध्ये काही दिसत नाही. तेव्हा दिसणारही नव्हतं. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक चालवतो, टिक म्हणजे खेळ पुढे सरकण्याचं एक पाऊल, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. पण `Can't keep up!` हा इशारा तो २,००० मिलिसेकंदांहून जास्त मागे पडल्यावरच लिहितो. आमचे थांबे तेव्हा पावणेदोन सेकंदांच्या आसपास होते. खेळणाऱ्याला ते असह्य होते, पण लॉगमध्ये त्यांची नोंदच होत नव्हती.

तिसऱ्या उत्तरात पॅनलवरचा मेमरीचा आलेख दाखवून, रॅम भरली आहे, ४ वरून ८ जीबीवर या, असं सांगितलं गेलं. आम्ही वर्गणी काढून आलो. त्यानंतर थांबे कमी वेळा येऊ लागले, पण प्रत्येक थांबा लांबला. आता इशाराही येतो :

```
Can't keep up! Is the server overloaded? Running 3127ms or 62 ticks behind
```

मग मी पॅनलमधल्या जादा पॅरामीटरच्या रकान्यात `-Xlog:gc*:file=gc.log:time,uptime` टाकलं, म्हणजे सर्व्हर ज्यावर चालतो ती जावा आपल्या मेमरीच्या साफसफाईची नोंद फाइलमध्ये ठेवते. त्या फाइलमधल्या या दोन ओळी तुमच्या तंत्रज्ञाने नीट वाचाव्यात. वेळेचे रकाने मी इथे गाळले आहेत :

```
Using Serial
GC(212) Pause Full (Allocation Failure) 7604M->2893M(7919M) 3081.446ms
```

दुसऱ्या ओळीची वेळ आणि वरच्या इशाऱ्याची वेळ जुळते. खेळ थांबतो तो जावाच्या गार्बेज कलेक्शनमुळे, हे यावरून स्पष्ट होतं. वापरात नसलेल्या वस्तू मेमरीतून काढायच्या म्हणून जावा खेळ पूर्ण थांबवते. पहिल्या ओळीत दिसणाऱ्या सिरियल पद्धतीत हे काम एकच थ्रेड करतो, आणि फुल कलेक्शन आलं की हीप, म्हणजे या वस्तू ठेवायची जावाची मेमरी, सगळी धुंडाळून उरलेलं सामान सरकवून एकत्र करेपर्यंत खेळ सुरू होत नाही.

त्याच ओळीतून तुमचा आलेखही खोटा ठरतो. साफसफाईनंतर उरले २,८९३ एमबी. आम्हाला खरोखर लागणारी मेमरी तेवढीच. आलेख दाखवतो तो जावाने सिस्टिमकडून घेऊन ठेवलेला आकडा, आणि घेतलेली मेमरी जावा सहसा लगेच परत करत नाही. ४ जीबीत हीप अपुरी पडत होती हे मला मान्य आहे. पण सिरियल तशीच ठेवून मेमरी दुप्पट केल्यावर हीप भरायला जास्त वेळ लागतो आणि भरल्यावर आवरायलाही जास्त लागतो. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

आता प्रश्न उरतो की जावा २१ असताना सिरियल आली कुठून. जावा ९ पासून जी-वन ही साफसफाईची मूळ पद्धत आहे, पण त्याला अपवाद आहे. सुरू होताना जावा मशीन मोजते. दोनपेक्षा कमी प्रोसेसर किंवा साधारण १,७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिसली, तर ती मशीन लहान समजून गुपचूप सिरियल निवडते. आमचा सर्व्हर ज्यात चालतो त्या तुमच्या कंटेनरला सीपीयूची मर्यादा १०० टक्के आहे, म्हणजे एक कोअर. जावा ही मर्यादा वाचते. त्यामुळे मेमरी ८ जीबी असो वा १६, निवड सिरियलचीच होणार.

हा तर्क मी तपासून पाहिला. बॅकअप उतरवून घरच्या मशीनवर हाच वर्ल्ड ६ जीबीत चालवला, आणि मंडळी लॅपटॉप घेऊन घरी आली. लॉगमध्ये `Using G1` आलं आणि सगळी संध्याकाळ एकही थांबा १२० मिलिसेकंदांपलीकडे गेला नाही. मग फक्त `-XX:ActiveProcessorCount=1` जोडलं. लगेच `Using Serial` आलं, आणि हीप भरताच खेळ पुन्हा गोठला. मशीन, वर्ल्ड, माणसं सगळं तेच होतं.

हे मी स्वतः दुरुस्त करू शकत नाही, कारण `-XX` ने सुरू होणारं काहीही त्या रकान्यात लिहिलं की तुमचं पॅनल ते काढून टाकतं, आणि मेमरीची मर्यादा ठरवणाऱ्या `-Xmx` वरही कुलूप आहे. म्हणून आमचा सर्व्हर या ओळीने सुरू करावा :

```
java -Xms6G -Xmx6G -XX:+UseG1GC -jar server.jar nogui
```

जी-वन हीपचे छोटे भाग पाडते, कुठल्या भागात किती कचरा आहे याची बरीचशी मोजणी खेळ चालू असतानाच करते, आणि दर वेळी थोडेच भाग आवरते. थांबा २०० मिलिसेकंदांच्या आत ठेवणं हे तिचं मूळ उद्दिष्ट असतं. ती हमी नव्हे, पण तीन सेकंदांशी त्याची तुलनाच होत नाही. मात्र ही मोजणी वेगळ्या थ्रेडवर चालते. एकच कोअर दिला तर ती खेळाच्याच थ्रेडशी भांडेल, म्हणून दुसरा कोअर हवाच.

८ जीबीच्या प्लॅनमध्ये ६ जीबीच मागतोय, त्यालाही कारण आहे. `-Xmx` ही फक्त हीपची मर्यादा असते. क्लासची माहिती, थ्रेडचे स्टॅक, नेटवर्कचे बफर आणि कलेक्शनचा स्वतःचा हिशेब हे सगळं हीपच्या बाहेर जागा घेतं. तुमचं पॅनल प्लॅनची पूर्ण मेमरी `-Xmx` ला देऊन टाकतं. मग एकूण वापर मर्यादेपलीकडे गेला की लिनक्स ती प्रोसेस मारून टाकतं. आमचा सर्व्हर असा मध्येच बंद पडलाय. पॅनलवर 137 हा प्रोसेस जबरदस्तीने मारल्याचा कोड दिसला आणि जावाच्या लॉगमध्ये `OutOfMemoryError` चा मागमूस नव्हता. तेव्हाही उत्तर मिळालं की प्लगइनचा दोष असेल. घाटाच्या पायऱ्यांचं शेवटच्या सेव्हनंतरचं काम त्यात गेलं. ती मुलं शाळा-कॉलेज सांभाळून हे करतात, याची जाणीव उत्तर देणाऱ्याला असायला हवी होती.

तेव्हा वरची मांडणी आणि दुसरा कोअर सध्याच्याच दरात द्यावा, आणि वाढवलेल्या प्लॅनचा दरातला फरक परत करावा, कारण चुकीच्या निदानावर तो आमच्याकडून घेतला गेला. प्लॅनच्या पानावर मेमरीइतक्याच ठळकपणे कोअरची संख्याही लिहा. एका कोअरवर माइनक्राफ्ट चालवणारे तुमचे इतर ग्राहकही हेच भोगत असणार, आणि त्यांनाही मेमरी वाढवा असंच सांगितलं जात असणार.

दोन्ही प्लॅनवरच्या आणि घरच्या चाचणीच्या `gc.log` फाइल तिकिटाला जोडल्या आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे हीच कागदपत्रं दाखल करेन.

आपला ग्राहक,
सिडको, नाशिक