बाळाच्या कागदावर एकच आई

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद. रेवालाही सांग.

तुम्हा दोघींना बाळ हवंय, हे फोनवर ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात झाली. बाळ कसं होणार यापेक्षा ते कागदावर कोणाचं होणार, हा प्रश्न मला आधी दिसतो. आपल्या देशात आज दोन बायका मिळून एका मुलाच्या कायदेशीर आई होऊ शकत नाहीत. कोणत्याही वाटेने गेलात तरी कागदावर आई एकच राहणार. ती कोण असावी, हे तुम्ही डॉक्टरकडे जाण्याआधी ठरवायला हवं.

सरोगसीचा विचार सोडून द्या. 2021 च्या कायद्याने ती लग्न झालेल्या स्त्री-पुरुष जोडप्यापुरती ठेवली आहे, आणि एकट्या स्त्रियांमध्ये फक्त 35 ते 45 वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला परवानगी आहे. पैसे घेऊन जमवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याशी बोलणंसुद्धा नको, तो गुन्हा आहे.

दत्तकाचं मात्र मन लावून वाच, कारण तुझा ओढा तिकडे आहे. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कोणीही दत्तक घेता येतं. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नोंदणीच्या दिवशी तिचं वय 40 च्या पुढे नको. तू 37 ची, म्हणजे वयात बसतेस. पण जोडपं म्हणून अर्ज करायला किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. शिवाय लग्नाशिवाय जोडीदारासोबत राहणाऱ्याचा एकट्याने केलेला अर्जही घ्यायचा नाही, असं परिपत्रक दत्तकाचं काम बघणाऱ्या 'कारा' या केंद्रीय संस्थेने 2022 मध्ये काढलं. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांपैकी दोघांनी हे अन्यायाचं म्हटलं, तिघांनी ते तसंच ठेवलं. गृहभेटीला समाजसेविका येते, घरात कोण राहतं, कोण कुठे झोपतं, शेजारी काय म्हणतात, सगळं पाहते. त्या दिवसापुरतं रेवाने मैत्रीण म्हणून वावरायचं किंवा कपाट रिकामं करून निघून जायचं, हे मला मान्य नाही. खोटं उघडं पडलं तर अर्ज जातो, आणि तोवर त्या बाळाचा फोटो तुम्ही पाहिलेला असतो.

राहिली दात्याच्या शुक्राणूंची वाट. तुम्हाला खऱ्या अर्थाने तीच मोकळी आहे. सहाय्यक प्रजनन तंत्राचा कायदाही 2021 चाच. त्यात 21 ते 50 वयाची स्त्री नवऱ्याशिवाय उपचार घेऊ शकते. तरीही काही दवाखाने नकार देतात, तेव्हा वाद न घालता दुसरा नोंदणीकृत दवाखाना बघायचा. दाता नोंदणीकृत बँकेकडूनच येतो. त्याचं नाव कळत नाही, त्याच्या एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या झालेल्या असतात आणि बाळावरचा हक्क त्याने सोडलेला असतो. निखिल तुमचा कितीही जवळचा मित्र असो, घरच्या घरी त्याच्याकडून काही करू नका. तिथे कायद्याचं हे संरक्षण नाही. उद्या त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना बाप होण्याचा हक्क आठवला, तर तुम्ही कोर्टात कशाच्या जोरावर उभ्या राहाल?

आधी एएमएच नावाची रक्ततपासणी करतात, अंडाशयात बीजांचा साठा किती आहे ते त्यावरून कळतं. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, तेही बघतात. मग पाळीनंतर एक-दोन दिवसाआड सोनोग्राफी, बीजाची पिशवी 18-20 मिलिमीटर झाली की इंजेक्शन, आणि सुमारे 36 तासांनी धुतलेले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. याला आययूआय म्हणतात. दहा खेपांत एखाद-दोनदा यश येतं, पस्तिशीनंतर त्याहून कमी. तीन-चार खेपांत नाही जमलं तर डॉक्टर आयव्हीएफ, म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करून गर्भाशयात ठेवणं, सुचवतात, त्याचा खर्च बराच जास्त. तुझं बीज आणि रेवाचं गर्भाशय, असं परदेशात करतात. इथल्या कायद्यात बीजदात्री बँकेची आणि अनोळखी असते, त्यामुळे ते बसत नाही.

आता मुद्द्यावर येते. रेवा 31 ची आहे. डॉक्टर तिचंच नाव घेतील आणि शरीराच्या हिशेबाने ते बरोबरच असेल. तरी तुझी तपासणी आधी व्हावी आणि निकाल बरा आला तर गर्भ तू वाढवावास, असं मला वाटतं. रेवाच्या घरच्यांनी तिच्याशी नातं तोडलं आहे. बाळंतपणात तिचं काही बरंवाईट झालं, तर कायद्याच्या नजरेत बाळाचे जवळचे नातेवाईक तेच, आणि तुझं त्या बाळाशी काही नातं नाही. उलट तुझं काही झालं, तर नातेवाईक मी आणि तुझे बाबा. आम्ही रेवाच्या बाजूने उभे राहू, कोर्टात लिहून देऊ.

अर्थात आमच्या शब्दावर विसंबू नका, आम्ही सत्तरीला टेकलो आहोत. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे लग्नाबाहेर झालेल्या मुलाची आई मृत्युपत्राने पालक नेमू शकते. तू रेवाला नेम. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी करूनच घे. कोर्ट शेवटी बाळाचं हित बघेल, पण आईने लिहून ठेवलेलं नाव त्याच्यासमोर असेल. रेवानेही तिचं मृत्युपत्र बाळाच्या नावे करावं, नाहीतर तिच्या घरातलं, बचतीतलं बाळाला काही मिळणार नाही. आणि रेवाला बाळ दत्तक देऊन टाकू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. दत्तक दिलं की तुझंच नातं तुटतं.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. तुम्ही दोघी वेगळ्या झालात, तर रेवाला बाळाला भेटण्याचाही ठोस हक्क नाही. मृत्युपत्र तिथे कामाचं नाही. खर्च, भेटी, निर्णय यांचा करार आत्ताच, प्रेम असताना लिहा. कोर्ट तो बंधनकारक मानेलच असं नाही, पण मी तुला त्याची आठवण करून देईन.

जन्माच्या दाखल्याची काळजी करू नकोस. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित आईचं प्रतिज्ञापत्र पुरे, वडिलांचं नाव विचारायचं नाही. 2023 च्या दुरुस्तीने नोंदणी कायद्यातही एकटी आई आली. तरी खिडकीवरचा कारकून 'वडिलांचं नाव?' म्हणेल. प्रतिज्ञापत्राची आणि निकालाची प्रत सोबत ठेव, 21 दिवसांत नोंद कर आणि रकाना कोराच राहू दे, कुणाचंही नाव भरू नकोस. एकदा चुकीचं नाव पडलं की ते काढायला काय लागतं, ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलं आहे. महाराष्ट्रात मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवरच्या नावात आईचं नाव येतंच. बाळाच्या नावापुढे मुक्ता, मग आपलं आडनाव.

वकिलांकडे पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे. दोघी या. दोघींची आधार कार्डं, राहत्या घराचे कागद आणि रेवाच्या विमा पॉलिसीची प्रत आणा. पॉलिसीवर वारस म्हणून अजून तिच्या भावाचं नाव आहे.

तुझी,
आई