न ऐकताच सुटणारे प्रश्न : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. गेल्या बुधवारी एक अधिकारी माझ्या तासाला येऊन बसले आणि जाताना शेरापुस्तकात लिहून गेले : "एकच ध्वनिफीत वारंवार वाजवून वेळ घालवला." त्या ओळीखाली मी सही केली. तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही.

गेल्या वर्षी प्रशिक्षणाच्या समारोपात व्यासपीठावरून आम्हाला सांगण्यात आले होते की, इंग्रजी ऐकण्याच्या पाठांसाठी जूनपर्यंत प्रत्येक शाळेला स्पीकर मिळेल आणि शिक्षक-पुस्तिका मराठीतून येईल. स्पीकर आला नाही. पुस्तिका आली, ती कन्नडमधून. सोबत एक पेनड्राइव्ह मिळाला, पण तो लावायला शाळेत काही नाही. मी माझ्या फोनवर उतारे घेतले. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. पत्र्यावर तो कोसळायला लागला की शेवटच्या बाकावर माझा स्वतःचा आवाज पोचत नाही. म्हणून मी फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात ठेवते. आवाज मोठा होतो, पण घुमतो, आणि शब्दांच्या शेवटची बारीक व्यंजने त्यात विरून जातात. इंग्रजी ऐकताना नेमकी तीच लागतात.

तरी हेही सोसले असते. खरे दुखणे त्या पुस्तिकेतल्या पाठांचे आहे.

पहिला उतारा चार मिनिटांचा. सातवीच्या मुलाचे कान परक्या भाषेत एवढा वेळ टिकत नाहीत. मिनिटभराने ती माना खाली घालतात. ऐकण्याआधीची कृती म्हणून चौदा शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे आणि उताऱ्याचा सारांश वाचून दाखवायचा. चाळीस मिनिटांच्या तासातली वीस मिनिटे त्यातच जातात, आणि सगळे आधीच सांगून झाल्यावर ऐकायचे काय उरते? मी एक गोष्ट करून पाहिली. आधीची कृती सगळी घेतली, उतारा लावलाच नाही आणि सरळ शेवटचे पाच प्रश्न दिले. एकतीसपैकी तेवीस मुलांची चार उत्तरे बरोबर आली. न ऐकता! कोणताही ऐकण्याचा पाठ खरा आहे की नाही, हे एवढ्यावरून कळते. ध्वनिफीत न लावता प्रश्न सुटत असतील तर ते ऐकण्याचे प्रश्न नाहीत. पाठ छापण्याआधी कुणी एका वर्गात एवढे करून पाहिले असते तर?

आता मी बुधवारी कशात "वेळ घालवला" ते सांगते.

मी माझा उतारा तयार केला होता, जेमतेम वीस सेकंदांचा. बसस्थानकावरची घोषणा : दहा पंधराची गोव्याची बस आज चाळीस मिनिटे उशिरा सुटेल, तीही तीनऐवजी पाच नंबरच्या फलाटावरून. आधी मुलांना स्थानकाचे चित्र दाखवले आणि विचारले, इथे भोंग्यावरून काय काय सांगतात? मुले म्हणाली वेळ, गाव, फलाट. म्हणजे कान कशाकडे लावायचे ते त्यांनीच ठरवले. शब्द मी एकच सांगितला, 'डिलेड', कारण तो अडला असता तर पुढचे सगळे अडले असते. यात पाच मिनिटे गेली. पहिल्यांदा ऐकताना प्रश्न एकच होता : बातमी चांगली की वाईट? दुसऱ्यांदा ऐकताना प्रश्न : बस आता किती वाजता सुटेल?

ती वेळ उताऱ्यात कुठेच उच्चारलेली नाही. मुलाने दोन आकडे ऐकून बेरीज करायची आहे. म्हणून चुकीचे उत्तरही मला बोलते. १०:५५ लिहिणाऱ्याने दोन्ही आकडे धरले. १०:१५ लिहिणारा पहिल्या आकड्यावरच थांबला. ११:३० लिहिणाऱ्याने 'फिफ्टीन'चे 'फिफ्टी' ऐकले. १०:२९ लिहिणाऱ्याने 'फोर्टी'चे 'फोर्टीन' ऐकले. बुधवारी १०:२९ लिहिणारी नऊ मुले होती. एक मुलगी उठून ठामपणे म्हणाली, "चौदाच म्हणालं की वो बाई!"

ती निष्काळजी नव्हती. 'फोर्टीन' एकटा आला की जोर शेवटच्या 'टीन'वर पडतो, 'फोर्टी'त तो सुरुवातीला असतो, त्यामुळे फरक सहज कळतो. पण पुढे 'मिनिट्स' आले की 'फोर्टीन'चाही जोर पुढे सरकून 'फोर'वर येतो, आणि त्याचा 'न' पुढच्या 'म'मध्ये मिसळतो. मग दोन्ही आकडे जवळजवळ सारखे वाटतात. त्यात आपल्या मराठी बोलण्यात ह्रस्व-दीर्घ 'इ'वरून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान त्या लांबीकडे लक्षच देत नाही. हे मुलांना व्याकरण म्हणून सांगून काही होत नाही. तेवढा दोन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा लावावा लागतो, मग त्याशेजारी 'फोर्टीन मिनिट्स' लावावे लागते, मग लिहिलेला मजकूर समोर धरून बोट ठेवत तिसऱ्यांदा सगळे ऐकावे लागते. मी तेच करत होते. नवांपैकी सहा मुलांचे कान उघडले. तीन राहिली, आणि तेवढ्यात साहेब उठले.

पुस्तिकेत "एकदा ऐकवा" असे लिहिले आहे, असे ते म्हणाले. एकदा ऐकवून प्रश्न विचारणे ही परीक्षा झाली, मंत्रिमहोदय. तिच्यातून कोणाला ऐकू येत नाही ते कळते. ऐकायला शिकवले जात नाही.

आणि ती परीक्षा तरी कुठे आहे? दहावीच्या इंग्रजीच्या लेखी पेपरात ऐकण्याला जागा नाही. म्हणून वर्षभर कुणी विचारत नाही, आणि विचारले तर शेरा मारायलाच. आमची मुले पुढे पुण्याला, गोव्याला, बेंगळुरूला जातात. नोकरीसाठी पहिला फोन येतो तेव्हा समोरचा लिहून देत नाही. माझा एक विद्यार्थी, मार्क चांगले, फोनवर तीनदा "सॉरी सर?" म्हणाला आणि पलीकडून फोन ठेवला. तो घरी येऊन माझ्यासमोर रडला. मी काय सांगायचे होते त्याला?

हे सगळे या एका पुस्तिकेचे नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत आम्ही इथले मराठी भाषक या राज्यात आलो, आम्हाला न विचारता. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ कलम आले : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचे जे व्हायचे ते होईल. पण तोवर माझी मुले सातवी ओलांडून जातात. मला कन्नड येते, मी ती पुस्तिका वाचली. पण कन्नड कानाला इंग्रजी कुठे अडते आणि मराठी कानाला कुठे, हे वेगळे असते. कन्नडमध्ये ह्रस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, त्या मुलाचा कान त्या लांबीला तयार असतो. आमचा नसतो. म्हणून मला माझ्या मुलांसाठीची पुस्तिका हवी आहे. यात भाषेचा द्वेष कुठे आला?

बेळगावात २०१२ मध्ये सुवर्णसौध उभे राहिले. तिथे अधिवेशनात प्रत्येक आमदारापुढे माइक असतो, कुणाचा शब्द वाया जाऊ नये म्हणून. माझ्या वर्गात एकतीस मुलांसाठी स्टीलचा डबा आहे.

मला स्पीकर हवा, पावसाच्या वर आवाज जाईल असा. उतारे मिनिटाच्या आतले हवेत, सोबत लिहिलेला मजकूर हवा. पुस्तिकेतून "एकदा ऐकवा" काढायला हवे. आणि तो शेरा खोडायला हवा.

सोमवारी तिसऱ्या तासाला मी तोच उतारा पुन्हा लावणार आहे. तीन मुले राहिली आहेत.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव