रंकाळ्यावरचं बोलणं

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काकांबरोबर अजून फिरायला जातेस का गं?" मी नुसतं हो म्हटलं. स्पीकर चालू होता आणि जावईबापू शेजारी होते, म्हणून पुढचं आता लिहिते.

शेजारचे काका आणि मी रोज संध्याकाळी रंकाळ्यावर जातो, टॉवरपासून शालिनी पॅलेसपर्यंत आणि परत. काकू गेल्यापासून त्यांना घर खायला उठतं, आणि बाबांनंतर माझंही तसंच. सोबत होते, एवढंच मी धरून चालले होते.

दिवाळीनंतर एकदा संध्यामठ दिसतो तिथं कट्ट्यावर टेकलो होतो. काका एकदम म्हणाले, "तुम्हाला दोन पेन्शनी आहेत ना?" मी म्हटलं, हो, एक माझी शाळेची आणि एक ह्यांची फॅमिली पेन्शन. तर म्हणाले, "पुनर्विवाह केला तर फॅमिली पेन्शन थांबू शकते. स्वतःच्या नोकरीची मात्र चालू राहते." आणि लगेच जलपर्णीवर बोलायला लागले.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? काका ट्रेझरीतनं रिटायर झालेले. नोव्हेंबर आला की गल्लीतल्या निम्म्या लोकांचे हयातीचे दाखले तेच भरून देतात. पेन्शनचे नियम ते कुणालाही सांगतात. पण हाच नियम, आणि मी न विचारता? मला काही सुचेना. तोंडातनं निघून गेलं, "ह्या वयात कोण करतंय असलं!"

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. गुडघा दुखतोय, असा निरोप आला. संध्याकाळी मी गॅलरीत उभी होते, तर भाजीची पिशवी घेऊन चांगले तरातरा जिना चढत होते. चार दिवसांनी परत यायला लागले. रहदारीची बाजू अजूनही स्वतःकडे घेतात, पण अंतर ठेवून चालतात. मधे सुटलेलं 'वहिनी' परत सुरू झालंय. माझं बोलणं त्यांनी नकार म्हणून घेतलं, की आपण भलतंच बोलून गेलो म्हणून संकोचले, हे मला कळत नाही. माझ्या मनात काय आहे, हे त्यांना तरी कुठं कळतंय?

माझ्या मनात काय आहे ते तुला सांगते. त्या रात्री मी पासबुक काढून बसले. ह्यांची पेन्शन वजा केली, औषधं, लाईट बिल, कामवालीचा पगार मांडला. माझ्या एकटीच्या पेन्शनीत भागतं. असला हिशेब माणूस उगीच करत नाही, बाळ.

बाबांचा फोटो आहे तिथंच राहील, आणि घर तुम्हा दोघांच्याच नावावर आहे. तुझ्या भावाला एवढ्यात काही बोलू नकोस, त्याला मी स्वतः सांगेन. काकांना मी उद्याच सरळ विचारणार आहे, तो नियम कुणासाठी सांगितलात म्हणून. ते काहीही म्हणाले तरी तुला कळवीन. तुझं मन नाराज असेल तर तेही मला स्पष्ट लिही.

तुझी,
आई