पाटीवरचं इंग्रजी सगळं कॅपिटल नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले की आमच्याकडे रस्त्यावरच्या दिशादर्शक पाट्या नव्याने करण्याची कामं येतात. मी गेली बरीच वर्षं बोर्ड करतो, आधी ब्रशने आणि आता व्हिनाइल कापून. ऑर्डर देणारा प्रत्येक जण एक वाक्य हमखास म्हणतो, "इंग्रजी सगळं कॅपिटलमध्ये घ्या, उठून दिसतं." मीही वर्षानुवर्षं तसंच करून देत आलो. ते चुकीचं होतं, एवढं सांगायला हे पत्र.

मागच्या वर्षी माझे मेहुणे पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला निघाले होते. माणगावात एका पाटीवर खाली-वर दोन नावं होती, म्हसळा आणि महाड. मराठी ओळ बारीक, इंग्रजी ठसठशीत कॅपिटलमध्ये. मागून एसटी हॉर्न देत होती. त्यांनी एम-एच-ए असं काहीतरी पाहिलं आणि गाडी महाडच्या रस्त्याला घातली. लोणेऱ्यात पोहोचल्यावर चूक कळली. ती पाटी मी केली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन मी ती लांबून पाहिली. इंग्रजीत ही दोन्ही नावं एम, एच आणि ए याच अक्षरांवर चालतात. कॅपिटलमध्ये ही तिन्ही अक्षरं एकाच उंचीची, उभ्या-तिरप्या काठ्यांची. लांबून दोन्ही ओळी सारख्याच कुंपणासारख्या दिसतात. पहिलं अक्षर मोठं आणि बाकी स्मॉल केलं, तर म्हसळ्याचा एच दुसऱ्याच जागी डोकं वर काढतो आणि महाडचा डी शेवटी.

हा प्रश्न इंग्लंडमध्ये साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तपासून झालेला आहे. तिथला पहिला मोटरवे, प्रेस्टन बायपास, डिसेंबर 1958 मध्ये सुरू झाला. त्याच्या पाट्या जॉक किनिअर आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी केल्या, आणि गावांची नावं त्यांनी कॅपिटल-स्मॉल अशी मिश्र घेतली. दगडात अक्षरं कोरणारे नामवंत कारागीर डेव्हिड किंडर्सली यांना ते पटलं नाही. त्यांनी स्वतःची सगळी कॅपिटल असलेली, टोकांना पाय असलेली अक्षरं पुढे केली. वाद वर्तमानपत्रापर्यंत गेला. शेवटी तिथल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने बेन्सनच्या विमानतळावर चाचणी घेतली. माणसं एका मंचावर बसवली, गाडीच्या टपावर पाट्या लावल्या आणि गाडी त्यांच्या दिशेने चालवत आणली. नाव किती अंतरावरून वाचता आलं, ते मोजलं.

निकाल मुद्दाम सांगतो, कारण तो माझ्या बाजूने एकतर्फी नाही. किंडर्सलींची कॅपिटल साधारण तीन टक्के पुढे होती. फरक इतका थोडा होता की निवड दिसण्यावर सोडली गेली आणि किनिअर-कॅल्व्हर्ट यांची मिश्र अक्षरं ठरली. 1965 पासून ब्रिटनभर गावांच्या नावांना तीच आहेत. मग फायदा कुठे आहे? तो दोन गोष्टींत आहे, आणि त्या दोन्ही मला पाटीवर पट्टी ठेवल्यावरच नीट कळल्या.

पहिली गोष्ट जागेची. चार फुटी पाटी घ्या. दोन्ही कडांना तीन-तीन इंच सोडले तर अक्षरांना बेचाळीस इंच उरतात. म्हसळा हे नाव इंग्रजीत सात अक्षरांचं. नेहमीच्या जाड, साध्या फॉन्टमध्ये सगळं कॅपिटल घेतलं तर अक्षराची उंची सहा इंचांवर अडते, त्याहून मोठं केलं की नाव बाहेर जातं. तेच मिश्र घेतलं तर स्मॉल अक्षरं अरुंद असल्याने पहिलं अक्षर साडेसात इंचांपर्यंत वाढवता येतं आणि स्मॉल अक्षरंही साधारण साडेपाच इंचांची होतात. दर इंच उंचीला तीस फूट अंतर, असा ठोकताळा अमेरिकेत पाट्यांसाठी वापरतात. त्या हिशेबाने सहा इंची पाटी 180 फुटांवरून वाचता येते, साडेसात इंची सव्वादोनशे फुटांवरून. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला पंचावन्न फूट जाते. म्हणजे चालकाला सव्वातीन सेकंदांऐवजी चार मिळतात. अर्थात मधली अक्षरं साडेपाचच इंचांची असल्याने हा सगळा फायदा पदरात पडेल असं नाही. आणि पाटीची उंची मात्र दीड-दोन इंच जास्त लागते. पत्रा वाचवायचा म्हणून नेमकी तिथेच कात्री लावतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रस्त्यावरचा माणूस नाव वाचत नसतो, शोधत असतो. आपल्याला म्हसळ्याला जायचं आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. पाटीवरचं कुठलं नाव ते, एवढंच त्याला हवं असतं. अनोळखी शब्द अक्षर-अक्षर लावायचा असेल तर त्याच उंचीची कॅपिटल कमी पडत नाहीत, कारण ती मुळातच मोठी असतात. ओळखीचं नाव चारांतून निवडायचं असेल तिथे मिश्र अक्षरं कामाला येतात. अमेरिकेनेही 2009 च्या नियमावलीत मार्गदर्शक पाट्यांवरची गावांची आणि रस्त्यांची नावं मिश्र अक्षरांत असावीत, असं ठरवलं.

आपण शब्द त्याच्या बाह्य आकारावरून ओळखतो, असं पूर्वी सरसकट सांगितलं जायचं. आता अभ्यासक म्हणतात की डोळा बरीच अक्षरं एकदम घेतो आणि त्यांवरून शब्द लागतो. तरी पुस्तकं, वर्तमानपत्रं, मोबाइल सगळीकडे आपली नजर स्मॉल अक्षरांवरच रुळलेली असते. मजकूर जेवढा लांब, तेवढी कॅपिटलची अडचण वाढते. टिंकर आणि पॅटरसन या अमेरिकन संशोधकांनी 1928 मध्येच मोजलं होतं की सबंध मजकूर कॅपिटलमध्ये छापला की वाचण्याचा वेग बारा-तेरा टक्क्यांनी घटतो. आपल्याकडे तर "पुढे काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा" हे सगळं इंग्रजीत कॅपिटलच्या चार ओळींत लिहितात. ते चालत्या गाडीतून कुणाला वाचून होणार?

कॅपिटल हद्दपार करा, असं माझं म्हणणं नाही. 'थांबा' या चार अक्षरी इंग्रजी पाटीला कॅपिटलच योग्य. ब्रिटनमध्येही ती तशीच आहे. औषधाच्या पट्टीवर किंवा विजेच्या मीटरवर जागा अगदीच कमी असेल आणि वाचणाऱ्याची नजर अधू असेल, तर त्याच फॉन्टची कॅपिटल बारीक आकारातही अधिक ओळखू येतात. तिथे वेगाचा प्रश्न नसतो, अक्षर दिसण्याचा असतो.

आपल्या देवनागरीत हा घोळच नाही. वेलांटी, मात्रा वर जातात, उकार खाली येतात आणि चिपळूण हे चिपळूणच दिसतं. म्हणून मराठी ओळ वर आणि मोठी घ्या, तिच्याखाली इंग्रजी नाव पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहा. पाटीची ऑर्डर देणाऱ्या ग्रामपंचायती, मंडळं आणि ठेकेदार यांना माझी विनंती आहे: छपाईला देण्याआधी दोन्ही नमुने कागदावर काढून भिंतीला लावा, पन्नास पावलं मागे जा आणि गावाबाहेरच्या माणसाला विचारा, "म्हसळा कुठलं?"

माणगावची ती पाटी मी गेल्या आठवड्यात स्वखर्चाने बदलली. पत्रा दोन इंच उंच लागला.

आपला,
एक बोर्ड पेंटर, महाड