भावजींचं नाव कुठल्या रकान्यात?

कोथरूड, पुणे

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तो हितसंबंधांचा फॉर्म आहे ना, त्यात सगळीकडे 'नाही' करून टाकते. भावजी कायद्याने माझे नातेवाईक नाहीतच, मी बघितलं." तू घाईत होतीस म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण सगळी नोकरी इंटर्नल ऑडिटमध्ये गेली माझी, त्यामुळे आता राहवत नाही.

तू बघितलंस ते अर्धं बरोबर आहे. कंपनी कायदा 2013 मधली 'नातेवाईक' शब्दाची व्याख्या बघ. नवरा-बायको तर त्यात आहेतच, शिवाय नियमात आठ नाती दिली आहेत: आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. दीर नाही, नणंद नाही, सासू-सासरेसुद्धा नाहीत. (मराठी लग्नात मानपानाची यादी करणाऱ्याला ही यादी दाखवली तर भोवळ येईल.) पण त्याच व्याख्येत पहिलंच कलम असं आहे की हिंदू अविभक्त कुटुंबाचे, म्हणजे एचयूएफचे, सदस्य एकमेकांचे नातेवाईक. तुझ्या सासऱ्यांनी कर भरण्यासाठी एचयूएफ केलं आहे, त्याचं वेगळं पॅन कार्ड आहे. त्यांची सून म्हणून तू त्यात आहेस आणि तुझा दीर समीरही आहे. म्हणजे आठ नात्यांतून सुटलेला दीर एचयूएफच्या दारातून आत आला!

आता घाबरू नकोस. फॉर्ममध्ये संबंधित पक्षांचा, म्हणजे कंपनीच्या वरिष्ठांशी नात्याने जोडलेल्या माणसांचा नि फर्मचा, जो भाग आहे, तो कायद्याने मुख्यतः संचालक आणि अगदी वरच्या अधिकाऱ्यांसाठी असतो. कायद्यातला 'मॅनेजर' म्हणजे कंपनीचा जवळजवळ सगळा कारभार ज्याच्या हाती आहे तो. चाकणच्या प्लांटमध्ये पॅकिंग मटेरिअलची खरेदी बघणारी मॅनेजर नव्हे. त्यामुळे तू रुजू झालीस म्हणून समीरची फर्म कंपनीची 'संबंधित पक्ष' होत नाही. तरीही कागद सगळ्यांना एकच दिलेला असतो. तिथे फॉर्मवर छापलेल्या व्याख्येप्रमाणे उत्तर दे, अर्थ लावायचं काम फायनान्सवाल्यांचं.

खरा प्रश्न पहिल्या भागाचा आहे, हितसंबंधांच्या घोषणेचा. तिथे कायद्यातली नाती कोणी मोजत नाही. 'कुटुंबीय किंवा जवळची व्यक्ती' असं लिहिलेलं असतं, आणि विचारायचं असतं एवढंच, की तुझ्या निर्णयावर कशाचा परिणाम होऊ शकेल का, किंवा झाला असं बाहेरच्याला वाटेल का. समीरची भोसरीची फर्म तुमच्या प्लांटला कोरुगेटेड बॉक्स देते. बॉक्सचा दर मंजूर करणार तू. यात 'नाही' लिहायला जागाच नाही.

आमच्याकडे एक खरेदी अधिकारी होते. त्यांच्या मेहुण्याचे ट्रक कंपनीत लागलेले. आम्ही पुरवठादारांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या यादीतले पत्ते नि मोबाइल नंबर जुळवून बघायचो, त्यात मेहुण्याच्या फर्मचा नंबर आणि साहेबांचा 'तातडीचा संपर्क' एकच निघाला. दर तपासले तर बाजारापेक्षा कमीच! पण फॉर्मवर तीन वर्षं 'नाही' होतं. नोकरी गेली ती त्या 'नाही'मुळे, दरामुळे नाही.

तेव्हा असं लिही: फर्मचं नाव, मालक-भागीदार माझे दीर, त्यांचा हिस्सा इतके टक्के, फर्म माझ्या येण्याआधीपासून पुरवठादार आहे, माझ्याकडे या मालाचे दर आणि रिजेक्शनचे निर्णय येतात, या फर्मच्या बाबतीत ते दुसऱ्याकडे द्यावेत अशी विनंती. 'पण याचा माझ्या कामावर काही परिणाम होणार नाही' हे वाक्य मात्र लिहू नकोस. ते ठरवणं तुझ्या साहेबांचं आणि कम्प्लायन्सचं काम. बहुधा ते समीरच्या ऑर्डरींची मंजुरी सिस्टीममध्ये दुसऱ्याच्या नावावर करतील. तेवढ्यावर थांबू नकोस. दराची मेल चुकून तुला आली तरी उत्तर न देता पुढे पाठव, आणि दुसऱ्या पुरवठादाराचा भाव जेवणाच्या टेबलावर निघता कामा नये. अनिकेतलाही हे सांग, भाऊ-भाऊ बोलताना त्याच्या तोंडून जायचं.

समीरला वाईट वाटेल असं तुला वाटतंय, हे कळलं मला. त्याला आधीच सांग, फॉर्म भरल्यावर नको. त्याच्या हिश्श्याचा नेमका आकडाही त्याच्याकडूनच घे, अंदाजाने लिहू नकोस. उद्या हिस्सा बदलला, किंवा तुझी बदली दुसऱ्या खरेदीत झाली, तर वर्षअखेरच्या फॉर्मची वाट न बघता पुन्हा कळव. आणि भरलेल्या फॉर्मची पोचपावती घरच्या फाइलमध्ये ठेव, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही. लॅपटॉप परत द्यावा लागतो.

रविवारी सगळे येणार आहात ना? मटकी भिजवते.

तुझी,
आई